एकाच कागदावर छापील नोटीस आणि ओळींच्या मध्ये हाताचं लिखाण: दोन्ही वेगळं कसं करायचं?

पांझराकाठ

पांझरेवरच्या एका फड बंधाऱ्याच्या दप्तरातली जुनी नोटीस उतरवून घेतोय. प्रत एकच आहे, दुसरी कुठेही मिळालेली नाही. माथ्यावर 'जिल्हा पश्चिम खानदेश' छापलंय, तारखेचा कोपरा फाटून गेलाय. खिळ्यांची छपाई, काळी शाई, कागद पिवळा पडलेला. ओळींच्या मधल्या जागेत हाताने मजकूर कोंबला आहे आणि वाचताना तो छापील मजकुरात मिसळतो. अडचणीच्या तीन ओळी छापील रूपात अशा आहेत:

४. सर्व बागायतदारांस कळविण्यात येते की, पाटाचे पाणी चालू हंगामात
५. ............ फडास देण्यात येईल. ज्यांचे पाटसफाईचे काम बाकी आहे
६. त्यांस दंड होईल व पाणी मिळणार नाही.

पाचव्या ओळीतल्या टिंबांवर निळ्या शाईत 'खालच्या' असं लिहिलंय. पाच आणि सहाच्या मध्ये, 'फडास देण्यात'च्या खाली आणि 'त्यांस दंड'च्या वर, बारीक अक्षरात 'दर बिघ्यास रु. ०-८-०' आहे. त्याच्या उजवीकडे थोडं तिरकं '५० न.पै.'. आणि 'फडास'मधल्या डाच्या डोक्यावर एक ठिपका आहे. तो छापलेला की हाताने दिलेला, हे मला ठरवता येत नाही.

आठ आण्यांचा मजकूर पाचव्या ओळीत घातला तर ती पाणीपट्टी होते आणि सगळ्यांना लागू होते. सहाव्या ओळीत घातला तर तो फक्त पाट न झाडणाऱ्यांचा दंड ठरतो. ठिपका खरा धरला तर 'फडास'चं 'फडांस' होतं, म्हणजे पाणी एका फडाला की अनेक फडांना इथपर्यंत फरक पडतो. दोन थर वेगळे करून, कुठला शब्द कुठला हे खात्रीने लिहिता येईल अशी पद्धत हवी आहे.

कळणाभाकर

एवढं कशाला? ओसीआरला टाका. हाताचं अक्षर त्याला वाचताच येत नाही, छापील तेवढं बाहेर पडेल. उरलेलं आपण डोळ्यांनी वाचायचं.

अक्षरजुळणी

@कळणाभाकर, ओळींच्या मध्ये काही लिहिलेलं नसेल तर तुमचं म्हणणं चालेल. इथे नाही चालणार. टेसरॅक्ट आधी ओळी कापतो, मग अक्षरं वाचतो. दोन ओळींमधली पांढरी पट्टी हाताच्या मजकुराने भरली की त्याला ओळ कुठे संपली ते कळत नाही. मग हाताचे तुकडे वरच्या ओळीचे उकार म्हणून किंवा खालच्या ओळीच्या मात्रा म्हणून चिकटतात. 'दंड'चं 'दिंड' झालं तर लगेच लक्षात येतं, पण 'फडास'चं 'फडांस' झालं तर शब्द बरोबरच दिसतो आणि चूक तशीच राहून जाते. ओसीआर करायचाच तर थर वेगळे केल्यावर, फक्त छापील थरावर.

पांझराकाठ

@कळणाभाकर, करून पाहिलं होतं. सहावी ओळ 'त्यांस दर दंड बिघ्यास' अशी निघाली. म्हणून तर इथे विचारतोय.

गिरणाथडी

छापील बाळबोध आणि हाताचं मोडी, असं असेल की. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत कारकून छापील नमुन्यावर मोडीतच लिहायचे. लिपी बदलली की थर बदलला, सोपं आहे.

धुळेकर_दप्तर

@गिरणाथडी, नियम चांगला आहे आणि जुन्या कागदांना लागूही पडतो. राजवाडे संशोधन मंडळात किंवा जिल्ह्याच्या दप्तरात छापील नमुन्यांवर मोडी भरलेली भरपूर दिसते. पण इथे धागाकर्त्यांनी दिलेले शब्द बाळबोध दिसतात आणि त्यात 'न.पै.' आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. त्या सुमारास लिहिणारा मोडीच लिहील असं धरून चालता येत नाही. शिवाय मोडीतले आणि बाळबोधातले आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की नुसत्या आकड्यांवरून लिपी सांगणं धोक्याचं.

'पश्चिम खानदेश' यावरून एवढंच निघतं की छपाई १९०६ नंतरची, कारण खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे तेव्हा झाले. पुढे नाव धुळे झालं, तरी जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जातातच. म्हणून छापील थराचा काळ आणि हाताच्या थराचा काळ वेगवेगळे मांडा. एकच तारीख दोन्हींना लावू नका.

अक्षरजुळणी

आता मूळ कामाकडे. पहिली गोष्ट म्हणजे स्कॅन. मोबाइलच्या 'डॉक्युमेंट' मोडमध्ये काढलेला फोटो असेल तर तो बाजूला ठेवा. ते ॲप कागद पांढराशुभ्र करतं आणि सगळ्या शाया काळ्या करून टाकतं. आपल्याला नेमका हवा तो फरक तिथेच मरतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर रंगीत, ६०० डीपीआय, 'ऑटो एन्हान्स' बंद, आणि साठवताना टिफ किंवा पीएनजी.

जेपीजी टाळायचं कारण सांगतो. जेपीजीत उजेड-अंधार पूर्ण बारकाईने साठवतात पण रंग बहुतेक वेळा निम्म्या बारकाईने साठवतात. निळी बारीक रेघ काळ्या अक्षराला टेकली असेल तर तिचा निळेपणा काळ्यावर पसरतो आणि काळ्याचा थोडा निळ्यात येतो. तुमचं सगळं काम तर त्या टेकलेल्या जागांवरच आहे.

स्कॅन झाला की रंगांचे थर वेगळे करा. निळी शाई निळा उजेड परत पाठवते, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये ती फिकट होते. काळा छापा मात्र तिन्ही चॅनेलमध्ये काळाच राहतो. लाल चॅनेलमध्ये दोन्ही काळे दिसतात. म्हणून छापील थरासाठी निळा चॅनेल घ्यायचा, आणि हाताच्या थरासाठी निळ्यातून लाल वजा करायचा. इमेजमॅजिकमध्ये असं:

```
magick nakal.png -channel B -separate chhapil.png
magick nakal.png -fx "max(0,u.b-u.r)" -auto-level -negate hatache.png
```

पिवळ्या कागदाचा इथे फायदाच होतो. कागदात लाल जास्त, निळा कमी, त्यामुळे वजाबाकी शून्याखाली जाते आणि कागद पूर्ण नाहीसा होतो. काळा छापा दोन्हींत सारखाच, तोही शून्य. उरते फक्त निळी शाई. पहिल्या चित्रात मात्र कागद जरा काळपट दिसेल, ते चालवून घ्या. `-fx` मोठ्या चित्रावर फार हळू चालतं, म्हणून आधी त्या तीन ओळींची पट्टी कापून घ्या.

शिसेखिळे

वरची पद्धत बरोबर आहे, एक मर्यादा जोडतो. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोखंड असायचं. ती लिहिताना निळी दिसते पण वर्षांनी तपकिरी होते. तशी शाई असेल तर गणित उलटं होतं: तपकिरी शाई निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद आणि लाल चॅनेलमध्ये फिकी. तेव्हा छापील थरासाठी लाल चॅनेल घ्यायचा. निव्वळ हाताचा थर काढणं मग अवघड जातं, कारण तपकिरी शाई आणि पिवळा कागद एकाच घराण्यातले रंग. आधी भिंगाखाली शाईचा रंग नक्की करा आणि मगच कुठला चॅनेल ते ठरवा.

आणि शाई काळीच असेल, तर रंगाचा काहीच उपयोग नाही. तिथे खिळ्याचा छापा आणि पेन यांतला घडणीचा फरक पाहावा लागतो. तीन गोष्टी सांगतो.

खिळा कागदात रुततो. नोटीस पालथी करा, खोली अंधारी करा आणि टॉर्च टेबलाच्या जवळजवळ सपाटीला धरून कडेने उजेड टाका. छापील अक्षरांचे उंचवटे मागच्या बाजूने दिसतात, उलटे. टाक किंवा फाउंटन पेनचं लिखाण मागून सपाट राहतं. बॉलपेन रुततं, पण त्याची खूण सलग सुतासारखी असते, खिळ्याची अख्ख्या अक्षराची.

दुसरी गोष्ट शाईची कड. खिळ्यावरची शाई दाबाने बाहेरच्या काठाकडे ढकलली जाते, म्हणून दहापट भिंगाखाली छापील अक्षराची किनार गडद आणि मधला भाग जरा फिका दिसतो. पेनच्या रेघेत शाई धाग्यांतून पसरते, कड विस्कटलेली असते.

तिसरी गोष्ट शिरोरेषा. हातजुळणीत प्रत्येक खिळ्याची शिरोरेषा वेगळी. झिजलेल्या खिळ्यांत दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी फट राहते, कधी एक खिळा जरा वर चढलेला असतो. हाताची शिरोरेषा एका दमात ओढलेली असते, किंवा घाईत दिलेलीच नसते.

बट्टीवरणवाला

भाऊ, मन्हाकडे बी असाच कागद शे! आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस आहे, टाइप केलेली. विषय क्रमांक ४ च्या खाली पेनाने एक विषय घुसडलाय. हे पेनाचं पुसून मूळ नोटीस कशी काढायची? माझ्याकडे कार्बन प्रत आहे.

अक्षरजुळणी

@बट्टीवरणवाला, इथे पुसण्याबद्दल चाललेलं नाही. कागदावर काहीही पुसू नका, तुमच्या बाबतीत तर अजिबात नाही. आम्ही कागदाला हात न लावता फक्त चित्रात थर वेगळे करतोय.

शिसेखिळे

@बट्टीवरणवाला, पण तुमच्या कागदात एक फार उपयोगी गोष्ट आहे. कार्बन प्रतीवर ते हाताचं लिखाण कशाने आहे ते पाहा. शाईने असेल तर तो विषय त्या एकाच प्रतीवर, कार्बन काढून घेतल्यानंतर लिहिलाय. लिखाण कार्बनचंच असेल, म्हणजे टाइपच्या अक्षरांसारखंच मऊ, भुरकट आणि पसरट कडेचं, तर ते वरच्या कागदावर लिहिताना खाली कार्बन अजून होते. मग त्या गठ्ठ्यातल्या सगळ्याच प्रतींवर तो विषय असणार. पण कोणी नंतर कार्बन पुन्हा घालून लिहिलं असेल तर? तेव्हा टाइपच्या ओळींशी जुळणी थोडी सरकलेली दिसते, कारण कागद पुन्हा तंतोतंत बसत नाहीत.

बट्टीवरणवाला

भुरकटच आहे, आणि ओळीशी सरळ आहे. म्हणजे सगळ्यांच्या प्रतीत होतं तर. मला वाटलं होतं नंतर घातलं. पण सही आधी की हे लिखाण आधी, ते कळेल का?

धुळेकर_दप्तर

दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तरच तो प्रश्न विचारता येतो. आणि छेदत असल्या तरी नुसत्या डोळ्यांनी दिलेलं उत्तर धरू नका. गडद रेघ नेहमी वर असल्यासारखी दिसते, मग ती आधीची असो की नंतरची. वाद असेल तर तो हस्ताक्षर तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा विषय आहे. तुमचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पांझराकाठ

अक्षरजुळणींच्या सांगण्याप्रमाणे नवा स्कॅन घेतला, पट्टी कापली, दोन्ही आज्ञा चालवल्या. 'खालच्या' आणि 'दर बिघ्यास रु. ०-८-०' दोन्ही `hatache.png` मध्ये स्वच्छ उठून आले. छापा पूर्ण गेला. एक गोष्ट अशी दिसली जी कागदावर दिसतच नव्हती. 'त्यांस' आणि 'दंड' यांच्या मध्ये, शिरोरेषेच्या किंचित वर, निळ्या शाईची एक लहान खूण आहे, उलट्या व्हीसारखी. तिचा उजवा पाय 'दं'च्या छापील अनुस्वारात घुसलेला होता, म्हणून ती अनुस्वाराचीच जाडी वाटत होती.

'५० न.पै.' मात्र फार पुसट आलं. आणि तो ठिपका अजिबात आला नाही.

शिसेखिळे

ती खूण म्हणजे काकपद. जोड मजकूर कुठे घालायचा ते दाखवणारी. आता 'दर बिघ्यास रु. ०-८-०' सहाव्या ओळीचा ठरतो: 'त्यांस दर बिघ्यास रु. ०-८-० दंड होईल व पाणी मिळणार नाही.' म्हणजे दंड.

काकपद नसतं तरी आणखी एक कल पाहता आला असता. भर घालणारा सहसा ज्या ओळीत भर घालायची तिच्या वर लिहितो, खाली नाही. हा कल आहे, पुरावा नाही. खाली जागा जास्त असेल तर लोक खालीही लिहितात. तुमच्या पट्टीत दोन ओळींमधली जागा सारखी आहे का ते पाहून नोंद ठेवा.

गिरणाथडी

काकपद सापडलं म्हणून लगेच दंड कशाला ठरवता? ओळ ५ ला घालायचं असतं तरी खूण तिथेच पडली असती, जागा तीच आहे.

शिसेखिळे

@गिरणाथडी, ओळ ५ साठी खूण 'फडास' आणि 'देण्यात' यांच्या मध्ये, पाचव्या ओळीच्या तळाशी हवी. इथे ती सहाव्या ओळीच्या शिरोरेषेवर बसलीय आणि तिचे पाय 'त्यांस'च्या शेवटी आणि 'दंड'च्या सुरुवातीला उतरतात. धागाकर्त्यांनी 'शिरोरेषेच्या किंचित वर' म्हटलंय म्हणून सांगतो: सहाव्या ओळीच्या शिरोरेषेपासून आणि पाचव्या ओळीच्या तळापासून खुणेचं अंतर मोजा. ६०० डीपीआयला २४ पिक्सेल म्हणजे साधारण एक मिलिमीटर.

पांझराकाठ

मोजलं. सहाव्या ओळीच्या शिरोरेषेपासून ७ पिक्सेल, पाचव्या ओळीच्या तळापासून ६० च्या वर.

गिरणाथडी

मग पटलं. सहावीच.

अक्षरजुळणी

'५० न.पै.' पुसट येतंय याचा अर्थ ते दुसऱ्या शाईत किंवा शाईत नाहीच. भिंगाखाली जांभळं आणि थोडं चमकदार दिसतंय का? तसं असेल तर ती कॉपिंग पेन्सिल. आपल्याकडे पोस्टात, दुकानात, पाटावर, सगळीकडे ती जांभळी पेन्सिल असायची, टोक ओलं केलं की शाईसारखी उमटणारी. तसं असेल तर कागदाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. ओल्या बोटाने पान उलटलं तरी ते जांभळं पसरेल आणि मग काहीच वाचता येणार नाही.

जांभळ्यात लाल आणि निळा दोन्ही असतात, हिरवा कमी. म्हणून निळ्यातून लाल वजा केल्यावर ते जवळजवळ जातं. त्याच्यासाठी लालातून हिरवा वजा करा:

```
magick patti.png -fx "max(0,u.r-u.g-0.08)" -auto-level -negate jambhale.png
```

पिवळ्या कागदातही लाल हिरव्यापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून तो कापायला ०.०८ वजा केलाय. तो आकडा तुमच्या कागदाप्रमाणे कमी-जास्त करा. आधी ०.०४ ने सुरुवात करा आणि कागद पांढरा होईपर्यंत वाढवत जा. फार वाढवलात तर पेन्सिलीच्या बारीक रेघाही जातील, 'न'ची गाठ आधी तुटते.

पांझराकाठ

जांभळंच आहे, चमकही आहे. ०.०६ ला सगळ्यात चांगलं आलं. '५० न.पै.' स्पष्ट, आणि त्याच्या आधी एक कंस उघडलेला दिसतो जो मला आधी कागदाची घडी वाटला होता.

म्हणजे हाताचे दोन थर झाले: निळी शाई आणि जांभळी पेन्सिल.

धुळेकर_दप्तर

आणि दोन्ही रकमा एकच आहेत. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, पन्नास नवे पैसे म्हणजेही अर्धा रुपया. दंड वाढला नाही, फक्त नवी नाणी आल्यावर कोणीतरी शेजारी नव्या मोजमापात लिहून ठेवला. कंस आहे म्हणजे '०-८-०' खोडायचा नव्हताच, दोन्ही ठेवायचे होते.

यातून निघतं ते इतकं: जांभळं लिखाण १ एप्रिल १९५७ च्या नंतरचं. निळं लिखाण त्याच्या आधीचं, असं मात्र म्हणता येणार नाही. आणे पुढे काही वर्षं नव्या पैशांच्या जोडीने चालूच होते, आणि बाजारातल्या बोलण्यात तर त्याहून कितीतरी पुढे. निळं लिहिणारा १९५८ मध्येही '०-८-०' लिहू शकतो.

गिरणाथडी

मला नाही पटत. नोटीस लिहिणारा सरकारी थाटाने रु.-आ.-पै. असे तीन रकाने पाडून लिहितोय. हा पक्का आण्यांच्या काळातला हात आहे. नवे पैसे आल्यावर असा कागदोपत्री '०-८-०' कोण लिहील?

धुळेकर_दप्तर

ज्याची जन्माची सवय आहे तो लिहील. तुमचं म्हणणं शक्य आहे, कदाचित जास्त शक्य आहे, पण उतरवताना 'शक्य' म्हणूनच लिहा.

तापीमाई

मी वाचतेय, एक शंका आहे. 'खालच्या' हे शब्द टिंबांवर भरलेत. ती जागा भरण्यासाठीच छापली होती. मग त्याला 'भर' म्हणायचं का? माझ्या मते रिकाम्या जागेत भरलेला शब्द नोटिशीचाच भाग आहे, ओळींमध्ये कोंबलेला नाही. दोघांना एकच खूण दिली तर वाचणाऱ्याला वाटेल की 'खालच्या'सुद्धा नंतर कोणीतरी घुसडलंय.

अक्षरजुळणी

माझ्या मते थर दोनच: छापील आणि हाताचा. 'खालच्या' हाताचा. थर म्हणजे कागदावर कशाने उमटलंय ते, कोणाच्या मनात काय होतं ते नाही.

तापीमाई

पण मग वाचणाऱ्याला हे कसं कळणार की छापणाऱ्याने ती जागा सोडली होती आणि 'दर बिघ्यास'साठी सोडली नव्हती? माझ्या दृष्टीने नोटिशीचा अर्थ ठरवणारा फरक तोच आहे. रिकाम्या जागेतलं न भरता नोटीस लावलीच जात नाही. दंडाची रक्कम न लिहिताही ती लावता आली असती.

शिसेखिळे

दोघांचं जमवता येतं. उतरवताना जागा आणि शाई वेगवेगळ्या नोंदवा. जागा तीन प्रकारची: छापील रिकामी जागा, ओळींमधली, आणि समास. शाई तुमची निळी, जांभळी. मग थर कोणाला कुठे काढायचा तो काढेल. संगणकासाठी लिहायचं असेल तर टीईआयच्या खुणांनी ते थेट लिहिता येतं:

```
<lb n="5"/><add place="inline" hand="#nila">खालच्या</add> फडास देण्यात येईल. ...
<lb n="6"/>त्यांस <add place="above" hand="#nila">दर बिघ्यास रु. ०-८-०</add>
<add place="above" hand="#jambhala">(५० न.पै.</add> दंड होईल व पाणी मिळणार नाही.
```

कंस बंद झालेला दिसत नसेल तर तो आपण बंद करायचा नाही. छापील टिंबं किती होती तेही नोंदवा, तो छापील थराचा भाग आहे.

कळणाभाकर

संगणकाचं नको असेल तर? आमच्या गावातली दप्तरं उतरवणारे वहीवर लिहितात.

शिसेखिळे

मग डावं पान छापील, उजवं पान हाताचं. दोन्ही पानांवर तोच ओळक्रमांक. उजवीकडे प्रत्येक नोंदीला चार गोष्टी: ओळ, कुठल्या दोन छापील शब्दांच्या मध्ये, शाईचा रंग, आणि काकपद आहे की नाही. लाल पेनाने एकाच ओळीत मिसळून लिहू नका, त्या वहीची झेरॉक्स निघाली की लाल-काळं एक होतं आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

पांझराकाठ

हे दोन्ही करतो. आता तो ठिपका राहिला. निळ्यात आला नाही, जांभळ्यात आला नाही. छापील थरात दिसतो. म्हणजे छापील धरायचा ना?

शिसेखिळे

नाही, थांबा. `chhapil.png` मध्ये जे दिसतं ते सगळं छापील नसतं. निळा चॅनेल म्हणजे 'निळं नसलेलं सगळं'. त्यात तपकिरी डाग, बुरशी, गंज, सगळं येतं. आणि निळ्या चॅनेलमध्ये तपकिरी डाग छाप्यापेक्षाही गडद दिसू शकतो.

तुमच्याच कागदात तुलनेला छापील अनुस्वार आहेत: चौथ्या ओळीत 'बागायतदारांस', 'हंगामात', सहाव्यात 'त्यांस'. त्यातला 'रां' आणि 'त्यां' विशेष कामाचे, कारण तिथेही अनुस्वार कान्याच्या डोक्यावर आहे. हातजुळणीत तो एक तर कान्याबरोबर एकाच खिळ्यात असतो किंवा ठरलेल्या जागी बसवतात. त्यामुळे कान्याच्या रेघेपासून त्याचं अंतर, शिरोरेषेपासूनची उंची आणि ठिपक्याचा व्यास एकाच साच्यात जवळजवळ एकसारखे येतात. 'रां', 'त्यां' आणि तुमचा 'डां' हे तीन तुकडे कापून शेजारी ठेवा आणि मोजा. मग कागद पालथा करून कडेचा उजेड टाका. त्या ठिपक्याच्या मागे उंचवटा आहे का?

पांझराकाठ

'रां' आणि 'त्यां' मध्ये ठिपका कान्याच्या बरोबर वर, व्यास १७-१८ पिक्सेल. 'डां' मधला कान्याच्या डावीकडे १४ पिक्सेल सरकलेला, व्यास १३. मागे उंचवटा नाही, बाकीच्या दोन्हींच्या मागे आहे.

शिसेखिळे

मग छापील नाही. ते ठरलं.

तापीमाई

माशी! भिंतीवर किंवा फळ्यावर लागलेल्या कागदावर माश्यांचे डाग हमखास असतात, बारीक, गोल, तपकिरी-काळे. अनुस्वारासारखेच दिसतात. बाकी कोऱ्या जागेत, समासात, तसेच ठिपके आहेत का ते पाहा.

अक्षरजुळणी

+१. आणि माशीचा डाग कागदाच्या वर बसतो. पुढच्या बाजूने कडेचा उजेड टाकला तर फुगीर दिसतो, कधी चमकतो. शाईचा ठिपका कागदात मुरलेला असतो. नखाने खरवडून बघू नका.

पांझराकाठ

समासात तसे चार-पाच ठिपके आहेत, पण ते याच्यापेक्षा मोठे आणि फिके. कडेच्या उजेडात समासातले फुगीर दिसतात. 'डां'वरचा सपाट आहे. काळसर आहे, निळा नाही.

शिसेखिळे

म्हणजे माशी नसावी. तिसरी शाई असू शकते, काळी. किंवा निळी शाई जिथे दाट साचून काळी झालीय अशी जागा. दाट साचलेल्या निळ्या शाईत लाल-निळा दोन्ही पडतात, मग वजाबाकीत ती येत नाही. 'खालच्या'मध्ये जिथे पेन टेकून थांबलंय, 'च्या'च्या कान्याच्या टोकाला वगैरे, तिथे वजाबाकी कशी आलीय? तिथेही भोक पडलंय का?

पांझराकाठ

हो, कान्याच्या तळाशी मधोमध पांढरं राहिलंय, कड मात्र निळी आली. ठिपक्याला मात्र निळी कडसुद्धा नाही.

धुळेकर_दप्तर

मग निळी नाही असंच दिसतं. एक उपाय राहतो: इन्फ्रारेड. रात्री दिसणारा सीसीटीव्ही कॅमेरा ८५० नॅनोमीटरच्या उजेडावर चालतो. अंधारात कागद त्याच्यासमोर धरा. छपाईची शाई काजळीची असते, ती तिथेही काळीच राहते. रंगाची शाई जवळजवळ गायब होते. लोखंडी शाई फिकी होते पण जात नाही. ठिपका गेला तर तो रंगाच्या शाईचा, राहिला तर काजळीच्या काळ्या शाईचा किंवा डागाचा. पण कॅमेऱ्याला एवढा लहान ठिपका नीट दिसेल इतक्या जवळून फोकस होतो का, तेच बघावं लागेल. बहुतेकांना होत नाही, पुढे भिंग लावावं लागतं.

गिरणाथडी

आणि फड किती होते ते गावात विचारा की! खालच्या बाजूला एकच फड असेल तर 'फडांस' होणारच नाही.

धुळेकर_दप्तर

@गिरणाथडी, विचारावंच. जुने पाटकरी किंवा त्यांच्या घरचे फडांची नावं सांगतील. पण ते उत्तर टिपेत जाईल, ठिपक्याच्या नोंदीत नाही. खाली तीन फड निघाले म्हणून ठिपका अनुस्वार ठरत नाही, आणि एकच निघाला तरी लिहिणाऱ्याने तो दिलाच नसेल असं होत नाही.

पांझराकाठ

सध्या असं लिहितोय: छापील 'फडास'. डाच्या वर ठिपका, छापील नाही, निळा नाही, जांभळा नाही, मागे उंचवटा नाही, पुढून सपाट. अनुस्वार असू शकतो. कॅमेऱ्यासमोर लावायला दहापट भिंग आहे, ते बसतं का पाहतो आणि चित्र इथे टाकतो.

अक्षरजुळणी

चित्र टाकताना पीएनजीच टाका. आणि तुलनेला त्याच फ्रेममध्ये 'त्यां'चा अनुस्वारही येऊ द्या.